स्लॅकमधले जुने मेसेज गेल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆ "डेटा पॉलिसीप्रमाणे स्लॅकवर मेसेज आपोआप डिलीट व्हायचा नियम लावून घेतला. काहीही न विचारता, न सांगता एका रात्रीत व्हेंडर पेमेंटच्या चॅनलमधलं सगळं जुनं बोलणं उडवलं. बॅकअपही नाही. आणि फाईली मात्र तशाच! पैसे वाया."

नमस्कार सर. ऐन पेमेंटच्या आठवड्यात तुमच्या अकाउंट्सच्या लोकांची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण "न विचारता, न सांगता" हे शब्द फार लागले. आमचं काम तोंडी शिफारशीवर चालतं. हे वाचून उद्या कुणी आम्हाला फोनसुद्धा करणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पॉलिसीत साधं बोलणं १८० दिवस आणि हिशेबाशी संबंधित सगळं ८ वर्षं ठेवायचं, असं आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, त्यावरून ते आलंय. स्लॅकमध्ये संपूर्ण वर्कस्पेसला एक मुदत लावता येते आणि एखाद्या चॅनलला वेगळी देता येते. चॅनलची वेगळी मुदत असेल तर तिथे तीच चालते. तुमचं अकाउंट्सचं चॅनल सर्वांसाठी खुलं असल्यामुळे त्याला "सगळं ठेवा" हा नियम आम्हीच लावला. त्यातला एकही मेसेज गेलेला नाही, कृपया उघडून बघा.

व्हेंडर पेमेंटचं चॅनल खाजगी आहे. आम्ही त्यात नाही, आणि बाहेरच्या माणसाने असूही नये. तिथली मुदत त्या चॅनलमधल्या माणसानेच बदलायची असते. त्यासाठी सदस्यांना मुदत बदलू देण्याची परवानगी आम्ही सुरू करून दिली, आणि सोमवारच्या मेलमध्ये "खाजगी चॅनलपैकी जी ठेवायची आहेत त्यांची मुदत शुक्रवारपर्यंत बदलून घ्या, मग आम्ही मुख्य नियम सुरू करू" असं स्पष्ट लिहिलं. बुधवारी तुमच्याच ऑफिसमधून फोन आला की परदेशी क्लायंटची सिक्युरिटीची प्रश्नावली आज भरायची आहे, नियम आजच लावा. आम्ही विचारलं, हिशेबाची चॅनल बाजूला काढली का? "हो हो, झालंय, लावून टाका" असं उत्तर मिळालं. झालं होतं ते खुल्या चॅनलचं, आणि तेही आम्ही केलेलं. तुमच्याकडे अकाउंट्स बघणाऱ्या ताई त्या दिवशी रजेवर होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

मुदत लावल्यावर स्लॅक १८० दिवस थांबत नाही. आधीच तेवढे जुने झालेले मेसेज पुढच्या रोजच्या सफाईतच जातात. म्हणून "एका रात्रीत" हे तुमचं म्हणणं खरं आहे. गेलेले मेसेज नंतर मुदत वाढवून परत येत नाहीत, स्लॅककडे मागूनही मिळत नाहीत. म्हणून तर शुक्रवार ठरवला होता.

बॅकअपबद्दल: नियम लावायच्या आधी एक्स्पोर्ट काढून तुमच्या ड्राइव्हवर ठेवलाय. पण तुमच्या प्रो प्लॅनमध्ये मालकाला थेट मिळणाऱ्या एक्स्पोर्टमध्ये फक्त खुली चॅनल येतात. खाजगी चॅनल आणि वैयक्तिक मेसेज हवे असतील तर स्लॅककडे वेगळा अर्ज करावा लागतो. हेही त्याच मेलमध्ये होतं. आपण तो मेल एकदा नीट वाचावा, एवढीच विनंती आहे.

फाईली राहिल्या याचं वाईट वाटून घेऊ नका, सर. फाईलींची मुदत मेसेजपेक्षा वेगळी लावायची असते, आणि ती आम्ही मुद्दाम लावली नव्हती, कारण तुमची बिलं पीडीएफच्या रूपात तिथेच पडून आहेत. मेसेज गेला तरी त्याला जोडलेली पीडीएफ फाईलींच्या यादीत सापडते. ताईंनी तिथे व्हेंडरचं नाव टाकून शोधलं तर बरीचशी बिलं मिळतील. फक्त "मंजूर" असं लिहिलेलं उत्तर मिळणार नाही. ती मंजुरी मेलवर किंवा टॅलीच्या व्हाउचरला जोडून ठेवा, चॅटवर ठेवू नका, असं आम्ही पहिल्याच भेटीत म्हणालो होतो. आणि ती बिलं दुसरीकडे सुरक्षित ठेवल्याशिवाय फाईलींना कुणी मुदत लावू नका, हात जोडून सांगतो.

यापुढे खाजगी चॅनलची यादी ताईंच्या सहीने आल्याशिवाय आम्ही नियम सुरू करणार नाही, फोन कुणाचाही असो. सुरुवातीला मुदत लांबची ठेवून हळूहळू कमी करायची, असाही विचार चालू आहे. व्हेंडर पेमेंटच्या चॅनलची मुदत मात्र आजच बदलून घ्या. रोज एकेका दिवसाचे मेसेज अजून जात आहेत. ताईंना फोन करायला सांगा, त्या स्क्रीनसमोर असताना आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.