एसडीचा अंदाज: ४ ने भागून भागत नाही

«सॅम्पल साइझसाठी एसडी हवाय? सोपं आहे. कुठल्याही पेपरमध्ये ± च्या पुढे जो आकडा असतो तोच एसडी. तो नसेल तर कमाल वजा किमान करा आणि ४ ने भागा. तेही नसेल तर १० जणांचा पायलट करा, त्याचा एसडी सूत्रात टाका. झालं.»

अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे हे ठरवायला एसडी, म्हणजे आकडे किती विखुरलेले आहेत याचं माप, लागतो आणि तो शोधायला असा सल्ला मिळतो. त्यातल्या तीनही वाटा खऱ्या आहेत, पण प्रत्येकीवर एक खड्डा आहे आणि या सल्ल्यात नेमके तेच वगळले आहेत. खड्डा किती खोल हे कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट, दोन वेगळी औषधं, ८ आठवड्यांनंतरचा वरचा (सिस्टॉलिक) दाब मोजायचा. गटांच्या सरासरीत ५ मिमीचा फरक असेल तर तो सापडला पाहिजे. पॉवर, म्हणजे तो सापडण्याची शक्यता, ८० टक्के, दुबाजू चाचणी, ५ टक्के पातळी. एका गटाला लागणारे रुग्ण असे निघतात:

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × SD² / d²
```

इथे d म्हणजे ५. एसडी १५ धरला तर प्रत्येक गटात १४२ रुग्ण लागतात. सूत्रात एसडीचा वर्ग आहे, म्हणून अंदाज थोडा हलला तरी रुग्णसंख्या खूप हलते. एसडी १२ धरला तर ९१ पुरतात, १८ धरला तर २०४ लागतात.

± च्या पुढचा आकडा

तो एसडी असेल किंवा प्रमाण त्रुटी, म्हणजे एसई, असेल. एसडी सांगतो की रुग्ण एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत. एसई सांगतो की त्यांची सरासरी किती पक्की आहे. एसई म्हणजे एसडीला रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने भागलेला आकडा, त्यामुळे तो नेहमी लहान आणि दिसायला नीटस असतो. काही लेखक तोच छापतात.

समजा ५० रुग्णांच्या गटासाठी तक्त्यात १४२ ± २.१ लिहिलंय. २.१ हा एसडी समजून सूत्रात टाकला तर उत्तर येतं प्रत्येक गटात ३ रुग्ण. इतकं विचित्र उत्तर आलं की चूक लगेच दिसते. पण फरक लहान घेतला असेल तर उत्तर ३०-४० असं पटण्याजोगं येतं आणि चूक तशीच प्रबंधात जाते. म्हणून उत्तराकडे न बघता आकडाच तपासा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एसडी गेलं की साधारण ९५ टक्के रुग्ण त्या पट्ट्यात यायला हवेत. १४२ ± २.१ चा पट्टा १३८ ते १४६ होतो. ओपीडीतल्या १०० पैकी ९५ रुग्णांचा दाब इतक्या अरुंद पट्ट्यात मावेल का? नाही मावणार. म्हणजे हा एसई आहे. त्याला ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे ७.०७ ने गुणा; १४.८ येतं आणि ते रक्तदाबाला शोभतं.

± कुठेच नसेल तर विश्वास अंतरालावरून परत जाता येतं. ५०-५० रुग्णांच्या दोन गटांतला फरक ६ आणि त्याचं ९५ टक्के अंतराल ०.२ ते ११.८ दिलंय असं धरा. रुंदी ११.६, तिला ३.९२ ने भागलं की फरकाचा एसई २.९६ मिळतो. आता त्याला १/५० + १/५० याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.२ ने भागा. एसडी १४.८. गट लहान असतील तर ३.९२ ऐवजी टी-तक्त्यातल्या आकड्याची दुप्पट घेणं जास्त बरोबर.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो आणि तो सगळ्यात जास्त वेळा राहून जातो: हा एसडी नेमका कशाचा आहे? पेपरमध्ये निदान तीन असू शकतात: सुरुवातीच्या दाबाचा, शेवटच्या दाबाचा आणि दोहोंतल्या बदलाचा. तुम्ही ज्या आकड्यावर गटांची तुलना करणार, त्याचाच एसडी हवा. सुरुवातीचा एसडी तर खास फसवतो. अभ्यासात १४० ते १५९ दाब असलेलेच रुग्ण घेतले असतील, तर सुरुवातीचे सगळे आकडे त्या २० मिमीच्या चौकटीत कोंबलेले असतात. ते चौकटभर सारखे पसरले आहेत असं मानलं तरी एसडी ६ च्या आतच येतो. ही चौकट निवडीच्या दिवसापुरती असते. ८ आठवड्यांनी कुणाचा दाब १२० असतो, कुणाचा १६५, आणि विखुरणं पुन्हा मोकळं होतं. सुरुवातीचे आकडे देणाऱ्या तक्ता क्रमांक १ मधून एसडी उचलायची सवय इथेच नडते. असा अभ्यास दिसला तर शेवटच्या भेटीचा एसडी घ्या.

बदलावर तुलना करणार असाल तर त्याच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी किती बांधलेले आहेत, म्हणजे सहसंबंध r किती, हे लागतं:

```
SD_change = sqrt(SD1² + SD2² - 2 × r × SD1 × SD2)
```

दोन्ही वेळचा एसडी १५ आणि r ०.७ असेल तर बदलाचा एसडी ११.६ होतो आणि ८५ रुग्ण पुरतात. r ०.३ असेल तर तो १७.७ होतो आणि १९८ लागतात. म्हणजे r ०.५ च्या खाली असताना बदल मोजणं तोट्याचं ठरतं. नुसता शेवटचा दाब घेतला असता तर १४२ मध्ये भागलं असतं.

कमाल वजा किमान

या फरकाला विस्तार म्हणतात, आणि त्याला कितीने भागायचं हे तो किती जणांवरून काढलाय यावर ठरतं. कारण साधं आहे: माणसं जितकी जास्त मोजाल, तितका एखादा टोकाचा माणूस सापडायची शक्यता वाढते. एसडी आहे तिथेच राहतो, विस्तार मात्र वाढत जातो. सामान्य वितरणात १० जणांचा विस्तार सरासरीने सुमारे ३.१ एसडी इतका असतो, २५ जणांचा ३.९, १०० जणांचा ५.०, ५०० जणांचा ६.१. कारखान्यातल्या गुणवत्ता-नियंत्रण तक्त्यांत d₂ म्हणून वापरतात तेच हे आकडे. म्हणजे ४ ने भागणं २५-३० जणांच्या अभ्यासाला लागू पडतं.

४०० रुग्णांच्या एका पेपरमध्ये दाब १०८ ते १९६ दिलाय असं समजा. विस्तार ८८. ४ ने भागलं तर एसडी २२ आणि रुग्ण प्रत्येक गटात ३०४. रुग्णसंख्या लक्षात घेऊन भागलं तर एसडी १४.९ आणि रुग्ण १४०. दुपटीहून जास्त माणसांना विनाकारण अभ्यासात ओढणं ही एथिक्स कमिटीपुढे जाणारी गोष्ट आहे, नुसती हिशेबाची नाही. उलट १० जणांचा विस्तार ४ ने भागला तर एसडी खऱ्यापेक्षा कमी येतो. भाजक पाठ करायची गरज नाही. एक्सेलमध्ये A1 किमान, B1 कमाल, C1 रुग्णसंख्या ठेवा:

```
=(B1-A1)/(2*NORM.S.INV((C1-0.375)/(C1+0.25)))
```

तरीही विस्तार हा शेवटचा पर्याय ठेवा. तो फक्त दोन माणसांवर उभा असतो आणि त्यातला एक आकडा टायपिंगची चूकही असू शकतो. पेपरमध्ये चतुर्थक दिले असतील तर ते घ्या: तिसऱ्यातून पहिला वजा करून १.३५ ने भागा. १३२ आणि १५१ असतील तर १९ भागिले १.३५, म्हणजे १४.१. आधी मध्यक दोन्ही चतुर्थकांच्या साधारण मधोमध आहे का ते बघा. रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस, सीआरपी, खर्च अशा गोष्टींत तो मधोमध नसतो. मुक्कामाचा मध्यक ५ आणि चतुर्थक ३ व ९ असतील, तर हे भागाकार सरळ दिवसांवर करू नका. लॉग घेऊन तिथे करा आणि विश्लेषणही लॉगवरच ठरवा.

४ हा आकडा एका ठिकाणी मात्र अगदी योग्य बसतो. पेपर नसेल तर अनुभवी डॉक्टरांना विचारा, «तुमच्याकडच्या अशा १०० रुग्णांपैकी मधले ९५ कोणत्या आकड्यांच्या मध्ये असतात?» त्या पट्ट्याची रुंदी सुमारे ४ एसडी असते. «सगळ्यात कमी किती, सगळ्यात जास्त किती?» असं विचारलंत तर त्यांना आठवणीतले विलक्षण रुग्ण सांगावे लागतात, आणि त्या पट्ट्याला कितीने भागायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

१० जणांचा पायलट

पायलटमध्ये एसडी १२ आला असं धरा. सूत्र सांगतं ९१ रुग्ण. पण १० जणांवरून आलेल्या १२ चं ९५ टक्के विश्वास अंतराल ८.३ ते २१.९ असतं, म्हणजे लागणारे रुग्ण सुमारे ४३ पासून ३०० पर्यंत कितीही असू शकतात. शिवाय चूक दोन्हीकडे सारखी होत नाही. लहान नमुन्याचा एसडी खऱ्यापेक्षा कमी यायची शक्यता जास्त असते, १० जणांसाठी सुमारे ५६ टक्के. खरा एसडी १५ असताना ९१ रुग्णांवर अभ्यास केला, तर ठरवलेली ८० टक्के पॉवर प्रत्यक्षात ६१ वर येते.

त्यात पायलट बहुधा एकाच ओपीडीत, एकाच यंत्रावर, एकाच माणसाने मोजलेला असतो. मुख्य अभ्यासात केंद्रं आणि मोजणारे वाढले की विखुरणंही वाढतं, आणि हे कुठल्याच सूत्रात दिसत नाही.

म्हणून पायलटचा एसडी जसाच्या तसा घेऊ नका. त्याची ८० टक्के वरची मर्यादा घ्या. B1 मध्ये पायलटचा एसडी आणि B2 मध्ये पायलटमधली माणसं:

```
=B1*SQRT((B2-1)/CHISQ.INV(0.2,B2-1))
```

१० जणांच्या १२ चे १५.५ होतात आणि रुग्ण १५२. तोच १२ जर ३० जणांवरून आला असता तर १३.६ झाले असते आणि ११७ रुग्ण पुरले असते. पायलटमध्ये २० माणसं वाचवून मुख्य अभ्यासात ७० मोजावी लागतात, हा सौदा महाग आहे. पायलटमध्येही दोन गट असतील तर सगळ्यांचा मिळून एकच एसडी काढू नका, कारण औषधामुळे पडलेला फरकही त्यात मिसळतो. प्रत्येक गटाचा वेगळा काढा, वर्गांची भारित सरासरी घ्या आणि सूत्रात B2-1 च्या जागी एकूण माणसं वजा २ टाका.

तीन वाटांनी तीन आकडे आले तर त्यांतला सोयीचा निवडू नका. सिनॉप्सिसमध्ये १२, १५ आणि १८ या तिन्ही एसडींची रुग्णसंख्या लिहा आणि कोणता का घेतला ते सांगा. मुदत वाढवता येत नसेल तर हेही लिहा, की १४२ रुग्ण घेतले आणि एसडी १८ निघाला तर पॉवर ६५ टक्के राहील. मुदत वाढवता येत असेल तर आणखी चांगली सोय आहे. अर्ध्या रुग्णांचा शेवटचा दाब हाती आला की, कोण कुठल्या गटात हे न उघडता, सगळ्यांचा मिळून एसडी काढा. इथे गट एकत्र चालतात, कारण ५ चा फरक खरा असला तरी १५ चा एसडी जेमतेम १५.२ दिसतो. तो १७.५ निघाला तर प्रत्येक गट १९३ पर्यंत न्या. कमी निघाला तर ठरलेली संख्या तशीच ठेवा. हा नियम पहिला रुग्ण घेण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेला असला पाहिजे.