३५ मिनिटांचं काम, ९ दिवसांची फाइल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शॉप फ्लोअरवर नीटनेटकेपणाचे फाइव्ह-एस बोर्ड, साठा आटोक्यात ठेवणारी कानबान कार्डं, सगळं कसं झकास. पण त्याच मशीनला लागणाऱ्या ४,२०० रुपयांच्या इन्सर्टच्या डब्याची मंजुरी ९ दिवस फिरत राहते, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आमच्याकडच्या अशाच एका इंडेंटच्या, म्हणजे खरेदीच्या मागणीच्या, मागे मी कागद-पेन घेऊन लागलो. प्रत्येक टेबलावर फाइल कधी आली, प्रत्यक्ष हातात कधी घेतली, पुढे कधी गेली, एवढंच लिहिलं. सुपरवायझर, खातेप्रमुख, स्टोअर, परचेस, अकाउंट्स, प्लांट हेड. सगळ्यांचं खरं काम मिळून ३५ मिनिटं. बाकी सगळा मुडा, म्हणजे जपानी भाषेत निव्वळ वाया.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सांगितलेले मुड्याचे सातही प्रकार या एका फाइलीत सापडले. अंबडहून कॉलेज रोडच्या ऑफिसात जाणारी फाइल ही वाहतूक. साहेब कुठे आहेत हे शोधत जिने चढणारा सुपरवायझर ही वायफळ हालचाल. वर्षाचा रेट ठरलेला असताना मागवलेली तीन कोटेशनं म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया. कॉस्ट सेंटरचा कोड चुकला, फाइल परत आली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी बसली, हा दोष.

साठा आणि प्रतीक्षा मात्र एकाच ट्रेमध्ये दिसतात. प्लांट हेडच्या ट्रेमध्ये साधारण ४० फाइली असतात आणि दिवसाला सरासरी १० हातावेगळ्या होतात. म्हणजे आज आलेल्या फाइलीचा नंबर ४ दिवसांनी. सही मिनिटभरात होते हो, पण रांग तर लागतेच! ‘अर्जंट’चा शिक्का मारला की आपली फाइल वर जाते आणि दुसऱ्याची तेवढीच खाली. निम्म्या फाइलींवर तो शिक्का आला की त्याला काही अर्थच उरत नाही.

राहिला सातवा, अतिउत्पादन. ओनो यालाच सगळ्यात वाईट म्हणत, कारण बाकीचे त्यातूनच जन्मतात. ऑफिसात अतिउत्पादन म्हणजे जी मंजुरी मागायचीच गरज नाही, ती मागणं. रेट ठरलेला, बजेट मंजूर, स्टोअरमध्ये साठा किमान पातळीच्या खाली, मग प्लांट हेडने ठरवायचं काय उरलं? ऑनलाइन मंजुरीचं सॉफ्टवेअर आणा म्हणणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. त्याने वाहतूक वाचेल, पण त्याच ४० फाइली ट्रेऐवजी स्क्रीनवर पडून राहतील.

माझ्या मते अशा ठरलेल्या वस्तूंना खातेप्रमुखाची सही पुरे, आणि प्लांट हेडने महिन्याच्या शेवटी एकत्र यादी तपासावी. पण मागणी करणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा एकच माणूस असू नये. तिथली जादा सही दिसते मुड्यासारखी, पण ती काढायची नाही.