फी की पगार, हे कराराच्या मथळ्यावरून ठरत नाही

"करारावर 'कन्सल्टंट' लिहिलंय, दरमहा तुम्हीच बिल देता, टीडीएस दहा टक्के कापतात. मग एकाच कंपनीत कितीही वर्षं नऊ ते सहा बसलात तरी पीएफ, ग्रॅच्युइटी मागता येत नाही. सही केलीत, विषय संपला."

सहीने विषय संपत नाही. नातं मालक-नोकराचं आहे की नाही, हे न्यायालय प्रत्यक्ष कामावरून ठरवतं. बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाहायच्या गोष्टी सांगितल्या: नेमणूक कोण करतो, पैसे कोण देतो, काढू कोण शकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, काम सलग आहे का, आणि देखरेख व नियंत्रण किती आहे. त्या खटल्यात कामगार हरले, कारण उपाहारगृहातल्या त्यांच्या कामावर एअर इंडियाचं पूर्ण नियंत्रण दिसलं नाही. म्हणजे ठरावीक वेळ हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. ऑडिटरही ठरलेल्या वेळी येतो, म्हणून तो नोकर होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एक जण जून 2019 ते मे 2025 अशी सहा वर्षं गुणवत्ता विभागाची कागदपत्रं सांभाळत होता. महिना 40,000 रुपये एकरकमी. बोटाचा ठसा लावून हजेरी, लॅपटॉप कंपनीचा, रजा विभागप्रमुखाकडून मंजूर, जादा रजेचे पैसे कापलेले. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवायची मुभा नाही. आमच्या मते यातली शेवटची बाब फार बोलकी आहे: स्वतंत्र व्यावसायिक काम पूर्ण करून देतो, नोकर स्वतः हजर राहतो. रजेचे पैसे कापले जाणंही तसंच. फी कामाची असती, तर गैरहजेरीचा हिशेब कशाला?

टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा हे कंपनी एकटी ठरवते, त्यामुळे तो मुद्दा कच्चा आहे. तुमचे स्वतःचे कागद मात्र जड जातात. जीएसटी नोंदणी घेतली असेल, विवरणपत्रात हे उत्पन्न व्यवसायाचं दाखवून निम्म्यावरच कर भरला असेल, किंवा दुसऱ्या ग्राहकांनाही बिलं दिली असतील, तर समोरचा वकील सर्वात आधी तेच काढेल. दावा त्याने आपोआप पडत नाही, पण उत्तर तयार ठेवावं लागतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. 'कर्मचारी' ठरलात म्हणून सगळे लाभ एकगठ्ठा मिळत नाहीत. ग्रॅच्युइटीला पगाराची कमाल मर्यादा नाही. दहा किंवा अधिक माणसांची आस्थापना आणि पाच वर्षांची सलग सेवा लागते. आपल्या उदाहरणात 40,000 × 15 ÷ 26 × 6, म्हणजे सुमारे 1,38,462 रुपये. पीएफचं तसं नाही. रुजू होताना पगार 15,000 च्या वर आणि आधीचं पीएफ सदस्यत्व नाही, तर माणूस योजनेतून वगळलेला धरला जातो. तेव्हा तो नोकर सिद्ध झाला तरी पीएफचा दावा पडतो. आधीच्या नोकरीतलं खातं शाबूत असेल, तर मात्र 15,000 वर दोन्ही बाजूंचे 12-12 टक्के, महिन्याला 3,600. बहात्तर महिन्यांचे 2,59,200, वर व्याज. वेळेवर न कापलेला तुमचा हिस्सा कंपनीला मागाहून तुमच्याकडून वसूल करता येत नाही, म्हणून दोन्ही हिस्से तिच्यावरच येतात. कंपन्या इतक्या जोराने लढतात त्यामागे हेही कारण आहे.

ग्रॅच्युइटीसाठी आधी कंपनीकडे फॉर्म आय द्यायचा. काम थांबल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे, पण केवळ उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर कामगार खात्यातल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे फॉर्म एन. आपल्या उदाहरणातलं काम मे 2025 मध्ये संपलं, म्हणून 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू; 21 नोव्हेंबर 2025 पासून पुढे थांबलेल्या कामाला सामाजिक सुरक्षा संहिता पाहावी लागेल. पीएफची तक्रार पणजीत पाटोवरच्या भविष्य निधी कार्यालयात. तिथे चौकशी लागली की अधिकारी कंपनीची हजेरीपत्रकं मागवू शकतो.

नातं सिद्ध करायची पहिली जबाबदारी तुमची असते आणि शेवटच्या दिवशी कंपनीचा ईमेल बंद होतो. म्हणून त्याआधीच स्वतःच्या हजेरीचे उतारे, रजेच्या मंजुऱ्या, कपात दाखवणारी बिलं आणि वेळेबद्दलच्या सूचना जपून ठेवा. ग्राहकांची माहिती किंवा कारखान्याची रेखाचित्रं मात्र उचलू नका. दावा बाजूला राहून चोरीचा आरोप अंगावर येतो.