प्लंबर म्हणून भागणार नाही

सध्या खूप फिरत असलेला सल्ला: "डेटा इंजिनिअर म्हणजे डेटाचा प्लंबर. एचआरला एवढं सांगितलं की पुरे. डेटा इकडून तिकडे न्यायचा, बस्स. रेझ्युमेवर पायथन, एसक्यूएल, स्पार्क, एअरफ्लो दिसलं की पुढे पाठवा. बाकी खोलात शिरणं टेक्निकल पॅनलचं काम."

प्लंबरची उपमा मीही दोन-तीन वर्षं वापरली. समोरचा हसतो, मान डोलावतो आणि आपल्याला वाटतं की समजलं. पण नळ गळला की फरशी ओली होते, खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन भांडतात. डेटाची फरशी कधीच ओली होत नाही. आकडा चुकला तरी रिपोर्ट वेळेवर येतो, छान रंगीत दिसतो आणि मीटिंगमध्ये त्यावर निर्णयही होतात. या कामातली खरी अडचण हीच आहे, आणि उपमा नेमकी तीच झाकते.

मी पूर्वी एका औषध दुकानांच्या साखळीचं काम बघत होतो. बेचाळीस दुकानं, रोज रात्री प्रत्येक दुकानातून दिवसभराच्या बिलांची फाइल यायची आणि सकाळी आठला विक्रीचा रिपोर्ट साहेबांच्या फोनवर जायचा. एका रात्री एका दुकानाचं नेट मधेच गेलं. फाइल आमच्याकडे पोचली होती, पण 'पोचली' हा निरोप दुकानाच्या कॉम्प्युटरला परत मिळाला नाही. त्याने इमानदारीने तीच फाइल पुन्हा पाठवली. सकाळी त्या दुकानाची विक्री बरोबर दुप्पट. कुठे लाल दिवा नाही, एररचा मेल नाही. साहेबांनी दुकानाच्या मॅनेजरचं कौतुक केलं आणि जास्तीचा माल पाठवायला सांगितलं. चूक लक्षात आली ती तिसऱ्या दिवशी, गोडाऊनवाल्याने विचारलं तेव्हा: "एवढं विकलं म्हणता, मग रॅक भरलेले कसे?"

यावर उपाय एका वाक्यात मावतो. दुकानाचा कोड आणि बिल नंबर ही जोडी म्हणजे बिलाची ओळख धरायची. तीच जोडी पुन्हा आली तर नवी ओळ न टाकता जुनीच बदलायची. मग फाइल एकदा येवो की दहादा, बेरीज तीच राहते. हे आधीच करून ठेवायला हवं होतं, ठेवलं नव्हतं. त्यात माझाही हात होता.

आता 'इकडून तिकडे नेणं'. पाणी टाकीत असो की बादलीत, पाणीच असतं. बिलाचं तसं नाही. त्याच साखळीतली काही दुकानं चोवीस तास उघडी असायची. सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये नोंदवली जायची, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आता 1 एप्रिलला रात्री 12.40 ला कुणी तापाचं औषध घेतलं, तर त्या बिलावर सर्व्हर लिहिणार 31 मार्च, संध्याकाळी 7.10. फाइल इकडून तिकडे अगदी नीट गेली, एक ओळही हरवली नाही, आणि तरी बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसलं. अकाउंट्सच्या आकड्याशी आपला आकडा थोडक्यात जुळत नाही, आणि तो 'थोडक्यात' दर महिन्याला वेगळा असतो. गंमत म्हणजे ही चूक पकडायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. सकाळी नऊला शटर उघडणाऱ्या दुकानाचं पहिलं बिल रिपोर्टमध्ये पहाटे साडेतीनचं दिसलं, की समजायचं घड्याळ कुठलं लावलंय.

म्हणून मी प्लंबर सोडला आणि डेअरीकडे वळलो. आमच्या एचआरच्या मॅडम सांगली भागातल्या, घरी म्हशी. त्यांना म्हटलं, "मॅडम, गावातल्या दूध संकलन केंद्रावर काय होतं?" त्या सांगायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, प्रत्येकाचं वेगळं मोजतात, फॅट बघतात, गाईचं आणि म्हशीचं वेगळं ठेवतात, मगच मोठ्या टाकीत ओततात. "आधी ओतलं आणि मग तपासलं तर?" त्या म्हणाल्या, "मग कुणाचं दूध नासकं होतं ते कसं कळणार? सगळं गेलं." मी म्हटलं, डेटा इंजिनिअरचं काम हेच. बेचाळीस ठिकाणांहून माल येतो, तो कुणाचा, कुठल्या वेळचा, पुरा आला का, हे बघून मगच एकत्र करायचा, आणि कुणाचा आला नाही तर टँकर सुटण्याआधी ओरडायचं. उपमा सगळीकडे लागू होत नाही. ओतलेलं दूध परत वेगळं करता येत नाही, पण डेटाची मूळ फाइल जपून ठेवली तर टाकी रिकामी करून पुन्हा भरता येते. ती जपलेली असणं हाही कामाचाच भाग.

टूल्सच्या यादीत थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवं ते विचारून काढायची भाषा, यायलाच हवी. तिथे सवलत नाही. पण एअरफ्लो म्हणजे शेवटी कुठलं काम किती वाजता आणि कुणाच्या मागून सुरू करायचं याचं वेळापत्रक सांभाळणारी वस्तू. तेच काम दुसऱ्या टूलवर केलेला माणूस काही आठवड्यांत रुळतो. स्पार्क एका मशीनला न झेपणाऱ्या डेटासाठी. बेचाळीस दुकानांची रोजची बिलं एका मशीनवर आरामात बसतात, तिथे स्पार्कची अट घालून आपण चांगली माणसं दारातूनच परत पाठवतो. आमच्या पहिल्या जाहिरातीत नऊ टूल्स होती. त्यातली चार आम्ही वापरतही नव्हतो, कुठून तरी जाहिरात उचलली होती. मॅडमबरोबर बसून ती नव्याने लिहिली: "दुकानांची बिलं रोज रात्री एकत्र आणायची. सकाळी आठच्या आत आकडे तयार हवेत आणि ते अकाउंट्सशी जुळायला हवेत. एखाद्या दुकानाचा डेटा आला नाही किंवा दोनदा आला, तर ते साहेबांच्या आधी तुम्हाला कळायला हवं. एसक्यूएल हवंच, पायथन हवं, बाकी टूल्स इथे शिकता येतील."

राहिला टेक्निकल पॅनलचा मुद्दा. कोड तपासणं पॅनलचं काम, कबूल. पण पॅनलपर्यंत कोण पोचतं हे एचआरच्या पहिल्या फोनवर ठरतं, आणि त्या फोनवर विचारण्याजोगा प्रश्न साध्या मराठीत आहे: "तुमचा रिपोर्ट कधी चुकीचा गेला होता का? ते आधी कुणाला कळलं?" उत्तरात शब्द कुठले येतात ते सोडून द्यायचं, गोष्ट येते का ते ऐकायचं. ज्याने काम केलंय तो तारीख सांगतो, किती बिलं होती ते सांगतो, दुसऱ्या दिवशी काय बदललं ते सांगतो. "आमच्याकडे असं कधी झालंच नाही" म्हणणारा एक तर नवखा असतो, नाहीतर त्याचे आकडे कुणी वाचत नसतं. नवखा असणं गुन्हा नाही, फक्त मग जागाही नवख्याचीच असायला हवी.

मॅडमनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा समोरचा मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "आधी कस्टमरला कळलं, मॅडम. म्हणून मग मी रोज सकाळी सातला कालच्या आणि आजच्या ओळींची संख्या ताडून बघणारा एक चेक लावला. फरक जास्त दिसला की माझा फोन वाजतो." मॅडमना चेक म्हणजे काय ते कळलं नव्हतं. तरी त्यांनी नावापुढे खूण केली आणि मला येऊन विचारलं, "हा फॅट बघणारा वाटतोय, बरोबर?"