घड्याळाकडे बघितलंत ना तुम्ही?

"ताई, पेशंट चिडून ‘तुम्हाला माझा कंटाळा आलाय’ म्हणाली, आणि ती असं का म्हणतेय ते आपल्याला स्वच्छ दिसतंय, तरी एमबीटीमध्ये ‘मला माहीत नाही’ म्हणत बसायचं? मग फी कशाची घ्यायची?"

रविवारच्या आमच्या थेरपिस्टांच्या ऑनलाइन सुपरव्हिजनमध्ये पुण्यातल्या एका ट्रेनीने हे विचारलं. एमबीटी म्हणजे मेंटलायझेशन-बेस्ड थेरपी: आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायला शिकवणारी, मुळात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी, म्हणजे बीपीडीसाठी, तयार झालेली पद्धत. मी तोंड उघडायच्या आत आमचे ज्येष्ठ सर म्हणाले, "हे तिकडचं आहे. आपल्या माणसाला सांगणारा लागतो." तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस, त्यामुळे बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते ‘तिकडचं’ झोंबलं, सोमवारी इथे लंडनच्या ओव्हरग्राउंड ट्रेनमध्ये उभी असतानाही तेच डोक्यात होतं. लंडनमधल्या माझ्या पेशंटनाही सांगणाराच हवा असतो हो. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन, क्रायसिस टीमला रात्री फोन करून ती माणसं हेच म्हणतात की मला काय होतंय ते कुणीतरी सांगा. मागणी इकडे-तिकडे एकच आहे, प्रश्न आहे सांगितल्याने काय होतं हा.

काय होतं ते त्या ट्रेनीच्याच केसमध्ये बघा. (तपशील बदललेत.) चोवीस वर्षांची मुलगी, हिंजवडीत नोकरी, सिंहगड रोडला मैत्रिणींबरोबर राहते. शनिवारी मित्राने ऐनवेळी भेट रद्द केली ते सांगत होती, आणि शेवटची दहा मिनिटं राहिली म्हणून ट्रेनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. मुलगी थांबली. "घड्याळाकडे बघितलंत ना तुम्ही? कंटाळा आलाय तुम्हाला. मला माहितीये." ट्रेनी म्हणाली, "नाही गं, अजिबात नाही. लहानपणी आई सोडून गेली होती ना, म्हणून तुला सगळे सोडून जाणार असं वाटतं." वाक्य कदाचित खरंही असेल. मुलगी पर्स उचलून निघून गेली आणि रात्री तिने स्वतःला इजा करून घेतली.

आता त्या क्षणी तिच्या डोक्यात काय चाललं होतं? ‘कंटाळा आला असेल का’ असा विचार नव्हता तो, तिच्यासाठी कंटाळा आलेलाच होता, जसा समोर टेबल आहे तसा. मनात आलं म्हणजे ते बाहेर आहेच. भावना इतकी चढलेली असताना दुसऱ्याच्या मनात वेगळंही काही असू शकतं ही जागाच बंद होते, आणि अशा वेळी लहानपणाचं स्पष्टीकरण म्हणजे तिच्या कानाला एवढंच की बाई कबूलही करत नाहीत आणि वर माझ्यातच खोट काढतात. म्हणून पद्धत उलटी आहे: पारा जितका वर तितकं आपलं बोलणं साधं, छोटं आणि आत्ताचं. अर्थ लावणं नंतर, आणि बऱ्याचदा ते तिचं तीच लावते.

मी रोल-प्लेमध्ये ट्रेनीला काय बोलायला लावलं ते सांगते. आधी थांबायचं आणि आपला वाटा उचलायचा. "थांबूया जरा. मी घड्याळाकडे बघितलं, खरंय." ‘नाही गं’ नाही म्हणायचं, कारण तिने जे पाहिलं ते तिने पाहिलंच आहे. मग भावनेला मान द्यायचा: "तू एवढं महत्त्वाचं सांगत होतीस आणि समोरची बाई कंटाळलीय असं दिसलं, तर इथे बसणंच नको वाटेल." यात कंटाळा आला हे आपण कबूल करत नाही आणि खोडूनही काढत नाही. मग टेप मागे न्यायची. "मी बघितलं त्याच्या जरा आधी तू मित्राचा मेसेज वाचून दाखवत होतीस. तेव्हा कसं वाटत होतं? आणि मी मान वळवली तेव्हा पहिलं काय झालं?" इथे घाई नको, याला पाच मिनिटं लागतात. श्वास खाली आला, ती ‘मला माहितीये’वरून ‘मला वाटलं’वर आली, की मगच विचारायचं, "माझ्या मनात काय होतं ते सांगू का?" आणि खरं सांगायचं: वेळ संपत आलीय आणि तुला अशा अवस्थेत घरी कसं पाठवू याची काळजी. तिने विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही. एका घड्याळाला दोन अर्थ असू शकतात एवढं तिच्या मनात क्षणभर उभं राहिलं तरी पुष्कळ झालं. (ती निघायच्या आधी सुरक्षेचं रीतसर बोलणं करायचंच, हे सगळं त्याच्या जागी येत नाही.)

ट्रेनी म्हणाली, "म्हणजे गप्प राहून तिलाच बोलू द्यायचं." अर्धं बरोबर. न जाणणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, उलट एमबीटीचा थेरपिस्ट बराच बोलतो, मध्ये अडवतो, टेप मागे नेतो. तिच्या मनाबद्दल खात्रीने विधान करायचं नाही, एवढंच. आणि उलटी फसगतही होते. पेशंट शांतपणे, छान भाषेत ‘माझी अटॅचमेंट अँक्शस आहे’ वगैरे अर्धा तास बोलते, आपल्याला वाटतं काय इनसाइट आहे! पण चेहऱ्यावर काही हलत नाही आणि पुढच्या आठवड्यात तेच सगळं पुन्हा. तिथे मान डोलावणं घातक, तिथे मध्येच विचारायचं, "आणि आत्ता, हे मला सांगताना, काय होतंय?"

आमच्यातली एक जण लगेच म्हणाली, "माझी वहिनी डिट्टो अशीच आहे, बीपीडीच असणार, तिच्याशी कसं बोलू?" मी म्हटलं, तू आत्ता ‘असणार’ म्हणालीस ना, तिथूनच सुरू कर. तिला ते आवडलं नाही.

सरांचं एक मात्र मला खोडता आलं नाही. त्यांनी आठवण करून दिली की एमबीटी घडवणाऱ्या बेटमन आणि फोनागी यांच्या 2009च्या लंडनमधल्या चाचणीत 134 पेशंट होते, 18 महिने दर आठवड्याला एक वैयक्तिक सेशन आणि एक ग्रुप, आणि ज्या गटाला एमबीटी न देता नीट बांधलेली, नियमित, आधार देणारी सेवा दिली तोही बराच सुधारला. एमबीटीचा गट जास्त वेगाने सुधारला, पण दुसराही रिकाम्या हाताने राहिला नव्हता. "पुण्यात एकटा बसणारा माणूस ग्रुप कुठून आणणार, टीम कुठून आणणार?" म्हणाले. मी इथल्या टीमबद्दल, केअर कोऑर्डिनेटरबद्दल बोलत राहिले, वेटिंग लिस्टबद्दल बोलले नाही. ग्रुपशिवाय यातलं किती उरतं, याचं उत्तर आमच्यात कुणाकडेच नव्हतं.

पण ‘तिकडचं’ मला एवढं का लागलं, हे नंतर कळलं. सुपरव्हिजनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आईला सहकारनगरला फोन केला होता, उशिरा. ती म्हणाली, "बरं झालं केलास, आम्ही जेवायलाच बसत होतो." मी ऐकलं, ‘पुन्हा उशीर’. खात्रीने ऐकलं. मग शिफ्ट, ट्रेन रद्द, घड्याळं एक तास बदललीत असा पाढा वाचला, ती "हो, हो" म्हणत राहिली. रविवारच्या सुपरव्हिजननंतर मी परत फोन लावला आणि विचारलं, "आई, काल जेवायचं म्हणालीस तेव्हा मनात काय होतं?"

"काय असणार? आमटी गार होत होती." मग जरा वेळ काहीच नाही. मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाली, "कधी येणार ते विचारायचं होतं. पण तुला विचारलेलं आवडत नाही."

मला तसं कधी वाटलेलं नव्हतं, आणि तिला हे इतकी वर्षं पक्कं माहीत होतं. मी नोव्हेंबर म्हटलंय. तिकीट अजून काढलेलं नाही.