क्लिकचा रेट बघून फसू नका

"चार रुपयाला क्लिक पडतोय म्हणजे जाहिरात स्वस्तात चाललीय."

इथंच घोळ आहे. आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, ऑनलाइन पण विकतो. मागच्या दिवाळीआधी ४००० रुपयांत १००० क्लिक आले, आम्ही खूश. पण फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये Link clicks शेजारी Landing page views चा कॉलम लावला तर तिथं फक्त ५६०! म्हणजे बाकीच्यांनी पेज उघडायच्या आतच बॅक दाबलं, आणि पैसे तर आधीच कापले गेलेले. खरा रेट पडला सात रुपयांच्या वर. थोडा फरक चुकून दाबणाऱ्यांमुळं असतोच, पण एवढा नाही ओ.

दुकानातल्या वायफायवर पेज झटकन उघडायचं म्हणून कधी शंकाच आली नाही, मग गगनबावडा रोडला मोबाईल डेटावर उघडून बघितलं तर नऊ-दहा सेकंद नुसती पांढरी स्क्रीन. कारण काय, तर कॅमेऱ्यातनं काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले, वर स्लायडर आणि चॅटचं बटण. फोटो WebP करून दीडशे केबीच्या आसपास आणले, स्लायडर काढून एकच फोटो ठेवला, चॅट पेज उघडल्यानंतर लोड व्हायला लावलं. पुढच्या १००० क्लिकला ८१० जण पेजवर पोचले, क्लिकचा रेट तोच चार रुपये पण पोचलेला माणूस पाच रुपयांच्या आत पडला, आणि ऑर्डरी ७ वरनं ११ वर गेल्या, जाहिरातीत एक अक्षर न बदलता.