राखीव वॉर्ड आणि सीडॉ करार: सोसायटीच्या ग्रुपवरच्या मजकुराला उत्तर

“समान हक्क हवेत ना? मग महापालिकेत अर्ध्या जागा बायकांना राखीव कशाला? महिला हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली, त्यातच लिहिलंय की स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. एसटीचं अर्धं तिकीट घ्यायचं, वॉर्डही घ्यायचा. म्हणे तात्पुरतं आरक्षण, तीस वर्षं झाली तरी संपत नाही. आणि निवडून येतात बायका, कारभार बघतात नवरे!”

करारात तसं लिहिलेलं नाही. तो करार, म्हणजे ‘सीडॉ’, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी मंजूर केला आणि त्याचा विषय आहे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव. पहिल्याच कलमात व्याख्या आहे. लिंगावरून केलेला असा फरक, वगळणूक किंवा बंधन, ज्याचा हेतू किंवा परिणाम म्हणून स्त्रियांना आपले हक्क पुरुषांच्या बरोबरीने वापरता येत नाहीत, तो भेदभाव. यातल्या ‘किंवा परिणाम’ या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. कुणाच्या मनात वाईट नसेल, नियमही सगळ्यांना सारखाच असेल, तरी निघणारा परिणाम तपासायचा.

आमच्या ठाण्यातलंच बघा. खुल्या वॉर्डात बाईने उभं राहू नये असा नियम कधीच नव्हता. आमच्या चाळीतल्या एका ताईंनी पाण्याच्या टँकरपासून रेशनकार्डापर्यंत पंधरा वर्षं लोकांची कामं केली. पण उमेदवारीची बोलणी व्हायची रात्री अकराला, मंडळाच्या ऑफिसात. त्या वेळी ताई दुसऱ्या दिवशीचा डबा भरून झोपायच्या तयारीत असत. तिकडे बसलेल्या कुणी त्यांना अडवलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. नियम सारखा असूनही यादीत नावं पुरुषांचीच लागत गेली. कागदावरची समता आणि प्रत्यक्षातली समता यांत हे एवढं अंतर असतं, आणि करार मोजतो ती प्रत्यक्षातली समता.

म्हणूनच त्याच करारात चौथं कलम आहे. प्रत्यक्षातली समता लवकर यावी म्हणून सरकारने केलेले तात्पुरते विशेष उपाय भेदभाव मानले जाणार नाहीत, असं त्यात थेट म्हटलंय. सोबत दोन अटी आहेत. या उपायांमुळे वेगळे किंवा असमान निकष कायमचे राहता कामा नयेत, आणि संधी व वागणुकीतली समता साधली की उपाय थांबवायचे. राखीव जागेवरून आलेल्या नगरसेविकेला वॉर्डातले सगळे स्त्री-पुरुष मत देतात. सभागृहात तिचं एक मत पुरुष नगरसेवकाच्या एका मताइतकंच असतं. निकष वेगळा झालेला नाही, फक्त शिरायचं दार उघडलंय.

हे बाहेरून लादलेलंही नाही. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा आपल्या राज्यघटनेच्या कलम १५(३) मध्ये पहिल्या दिवसापासून आहे. शहरी संस्थांत किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, आणि सीडॉला भारताने अंतिम मान्यता दिली ती त्यानंतर, ९ जुलैला. महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेलं. त्यामुळे ठाण्यात १३१ पैकी ६६ आणि नवी मुंबईत १११ पैकी ५६ जागा महिलांच्या.

एसटीचं अर्धं तिकीट मात्र या खात्यात मोडत नाही. कराराच्या समितीने २००४ मध्ये पंचविसावी सामान्य शिफारस काढली. तात्पुरते विशेष उपाय वेगळे आणि स्त्रियांची स्थिती सुधारण्यासाठीची सर्वसाधारण धोरणं वेगळी, असं तिने स्पष्ट केलं. बाळंतपणाची रजा तर तिसऱ्याच जातीची. ती शरीराच्या गरजेतून येते, म्हणून ती तात्पुरती नाही. सवलतीवर वाद जरूर घाला, पण तो वॉर्डाच्या गळ्यात बांधू नका.

आता तीस वर्षांचं. त्याच शिफारशीत लिहिलंय की उपाय किती काळ चालणार हे कॅलेंडरवर ठरत नाही, परिणामावर ठरतं. हवा तो परिणाम दिसला आणि काही काळ टिकला, की उपाय थांबवायचा. मग तो परिणाम मोजायचा कुठे? राखीव वॉर्डात तर बाई निवडून येणारच. मोजायचं ते आरक्षण उठलेल्या वॉर्डात.

हे मोजून झालंय, तेही शेजारच्या मुंबईत. राखीव वॉर्ड दर निवडणुकीला बदलतात, त्यामुळे तिथे आपोआप एक प्रयोग घडला. रिखिल भवनानी या अभ्यासकाने १९९७ आणि २००२ या दोन निवडणुकांची तुलना केली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी २००२ ला महिलांसाठी राखीव नसलेले वॉर्ड घेतले आणि त्यांचे दोन गट केले. आधीच्या खेपेलाही जे राखीव नव्हते, तिथे फक्त ३.७ टक्के जागी बाई निवडून आली. आधीच्या खेपेला जे राखीव होते, तिथे आरक्षण उठल्यावरही २१.६ टक्के जागी. जवळजवळ सहापट. एकदा निवडून आलेल्या बायका पुन्हा उभ्या राहिल्या आणि बाई जिंकू शकते हे पक्षांना कळलं, अशी कारणं त्यांनी दिली.

या आकड्यांना मर्यादा आहेत. एकच शहर, एकच फेरी. पण फॉरवर्डच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. उपाय लागू पडतो. आणि ज्या वॉर्डात तो लागू पडला तिथेही आकडा निम्म्याच्या कितीतरी खाली होता, म्हणजे काम पुरं झालेलं नव्हतं. ज्यांना आज आरक्षण संपवायचंय त्यांनी आपल्या महापालिकेचा निकाल काढावा, महिलांसाठी राखीव नसलेल्या जागांवर किती बायका आल्या ते मोजावं आणि तो आकडा ग्रुपवर टाकावा.

राहिला नवरा. हे दुखणं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉर्ड आरक्षणाच्या एका सोडतीला मी हॉलमध्ये होते. शाळेतल्या मुलीने पारदर्शक ड्रममधून चिठ्ठी काढली, ‘क, सर्वसाधारण महिला’ असा पुकारा झाला. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी तिथूनच घरी फोन लावला, “तुझं आधार कार्ड काढून ठेव.” उभं राहशील का, असं त्यांनी तिला विचारलं नाही.

पण यातून आरक्षण चुकीचं ठरत नाही, ते अपुरं ठरतं. जागा भरणं हे कराराचं साध्य नाहीच, म्हणून उपाय चालतोय का हे सतत तपासायला समितीने सांगितलंय. तपासणं अवघड नाही. सर्वसाधारण सभेत नवऱ्याला बसता येत नाही. तिथे प्रश्न कुणी विचारला आणि सूचना कुणी मांडली, हे इतिवृत्तात नावानिशी येतं. ते मागवून वाचा, कोण कारभार करतंय ते कळेल. आणि पैशाचे ठराव होतात त्या स्थायी समितीकडे बघा. तिच्या सोळा जागांना वॉर्डांसारखं महिला आरक्षण नाही, नावं पक्ष देतात. निम्मं सभागृह बायकांचं असताना त्या सोळांत किती बायका बसवल्या, हे आपल्या नगरसेवकाला विचारा.